उधारीवर वाढलेला धंदा : नफा किती, भुर्दंड किती?

मृग नक्षत्र लागले की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतील कृषी सेवा केंद्रांसमोर गर्दी होऊ लागते. सोयाबीनचे बियाणे, खतांची पोती, तणनाशके, हळदीच्या बेण्यावर प्रक्रिया करण्याची औषधे असा माल दोन-तीन आठवड्यांत दुकानांतून शेतांवर पोहोचतो. पैसा मात्र त्याच वेगाने परत येत नाही. सोयाबीन निघते ते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये. मे-जूनमध्ये लावलेली हळद पुढच्या वर्षी जानेवारीनंतर काढली जाते, आणि ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे खरेदीची वेळ जूनची आणि पैसा हाती येण्याची वेळ त्यानंतर चार ते दहा महिन्यांची. या दोन तारखांमधले अंतर कोणी तरी भरून काढावे लागते. बहुतेक वेळा ते दुकानदार भरून काढतो, आणि त्यालाच उधारी म्हणतात.

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी दुकानात टांगलेली असली, तरी तिच्या खालीच उधारीची वही उघडलेली असते. शेजारच्या दुकानदाराने दिवाळीपर्यंत उधार द्यायला सुरुवात केली की प्रश्न उभा राहतो : आपणही मुदत वाढवावी काय? मुदत वाढविली की विक्री वाढते, याविषयी शंका नाही. वाढलेल्या विक्रीतून मिळणारा जादा नफा आणि ग्राहकांकडे अडकून पडलेल्या रकमेचा खर्च यांत मोठे कोण, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर कागदावर मांडल्याशिवाय मिळत नाही, कारण नफा गल्ल्यात दिसतो आणि अडकलेल्या पैशाचा खर्च बँकेच्या खात्यात मुकाट्याने वाढत राहतो.

एका दुकानाचा हिशेब

उदाहरणासाठी वसमत तालुक्यातील एक दुकान कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. त्याची वर्षाची विक्री ६० लाख रुपये आहे. शंभर रुपयांच्या विक्रीमागे मालाची खरेदी, वाहतूक आणि हमाली धरून ८६ रुपये खर्च होतात आणि १४ रुपये उरतात. दुकानाचे भाडे, नोकराचा पगार, दिवाबत्ती हा खर्च विक्री थोडी वाढली तरी तेवढाच राहतो. म्हणून वाढलेल्या विक्रीचा विचार करताना १४ रुपये हाच जादा नफा धरावयाचा. सध्या ग्राहक सरासरी ३० दिवसांनी पैसे देतात. मुदत वाढवून ती १२० दिवस, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, केली तर विक्री ७५ लाखांवर जाईल असा दुकानदाराचा अंदाज आहे. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर त्याला वर्षाला १२ टक्के, म्हणजे दरमहा शेकडा एक रुपया व्याज पडते.

पहिला हिशेब सोपा वाटतो. विक्री १५ लाखांनी वाढली, त्यावर शेकडा १४ प्रमाणे २,१०,००० रुपये जादा नफा झाला. या १५ लाखांच्या मालासाठी दुकानदाराच्या खिशातून गेले ते १२ लाख ९० हजार, कारण उरलेला हिस्सा हा त्याचा नफाच आहे आणि तो अजून कोणी दिलेला नाही. ही रक्कम चार महिने अडकली, म्हणजे शेकडा चार रुपये व्याज, एकूण ५१,६०० रुपये. दोन लाख दहा हजारांतून हे वजा केले तर १,५८,४०० रुपये शिल्लक राहतात. सौदा उत्तम दिसतो. बहुतेक दुकानदार येथेच वही मिटतात, आणि चूकही येथेच होते.

जुन्या ग्राहकाचे काय?

मुदत वाढविल्याची बातमी फक्त नव्या ग्राहकांपर्यंत पोहोचत नाही. जो शेतकरी आजवर महिन्याभरात पैसे देत होता, त्याच्याही कानावर ती जाते. शेजारच्या शिवारातल्या माणसाला दिवाळीपर्यंतची सवलत आणि वर्षानुवर्षे वेळेवर पैसे देणाऱ्याला मात्र तगादा, हे गावात चालत नाही. त्यामुळे जुनी ६० लाखांची विक्रीही ३० दिवसांवरून १२० दिवसांवर सरकते. ती एक रुपयाने वाढलेली नसते, पण तिचा पैसा ९० दिवस उशिरा येऊ लागतो.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. नव्या ग्राहकाच्या बाबतीत अडकलेली रक्कम मालाच्या खर्चाइतकी धरली, कारण मुदत वाढविली नसती तर ती विक्री झालीच नसती. जुन्या ग्राहकाकडून मात्र नफ्यासह पूर्ण विक्रीची रक्कम तिसाव्या दिवशी हाती येणारच होती. ती आता तीन महिने उशिरा येणार, म्हणून तेथे पूर्ण ६० लाखांवर व्याज धरावे लागते. तीन महिन्यांचे शेकडा तीन रुपये म्हणजे १,८०,००० रुपये.

आता बेरीज बदलते. जुन्या ग्राहकांपोटी १,८०,००० आणि नव्या ग्राहकांपोटी ५१,६०० असे मिळून २,३१,६०० रुपये खर्च, आणि समोर जादा नफा २,१०,००० रुपये. विक्री चौथाईने वाढूनही दुकानदाराला २१,६०० रुपयांचा तोटा होतो. यात बुडीत रकमेचा अजून विचारही केलेला नाही. नव्या १५ लाखांपैकी शेकडा चार रुपये जरी बुडाले तरी आणखी ६०,००० रुपये गेले. वसुलीसाठी दुचाकीवरून गावोगाव फिरणाऱ्या माणसाचा पगार आणि पेट्रोल वेगळेच. दुकानासमोरची गर्दी वाढलेली असते, उलाढालीचा आकडा मिरवण्याजोगा असतो, आणि बँकेचे कर्ज मात्र काही केल्या खाली येत नाही.

शेजारी उधार देतो, मग?

यावर दुकानदाराचा आक्षेप रास्त असतो. आपण मुदत वाढविली नाही तर आहेत ते ग्राहकही शेजाऱ्याकडे जातील, असे तो म्हणतो. तसे असेल तर तुलना आजच्या विक्रीशी करून चालणार नाही. मुदत न वाढविता जी विक्री उरेल, तिच्याशी ती केली पाहिजे. समजा, मुदत न वाढविल्यास ६० लाखांपैकी १० लाखांची विक्री हातून जाणार आहे, आणि वाढविल्यास ती टिकणार आहे, पण नवी विक्री मिळणार नाही. टिकवलेल्या १० लाखांवर १,४०,००० रुपये नफा वाचतो. त्या मालाच्या ८ लाख ६० हजार खर्चावर चार महिन्यांचे व्याज ३४,४०० रुपये होते, आणि कोठेही न जाणाऱ्या ५० लाखांच्या ग्राहकांना दिलेल्या जादा तीन महिन्यांपोटी १,५०,००० रुपये पडतात. एकूण खर्च १,८४,४०० रुपये. म्हणजे ते १० लाखांचे ग्राहक शेजाऱ्याकडे गेलेले परवडले.

याच रीतीने गणित केले तर सीमारेषाही सापडते. सुमारे सव्वातेरा लाखांहून अधिक विक्री, म्हणजे एकूण विक्रीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त, खरोखरच जाणार असेल तरच सरसकट मुदत वाढविणे फायद्याचे ठरू लागते, तेही बुडीत रक्कम सोडून. 'सगळेच जातील' ही भीती आणि 'किती जातील' हा अंदाज यांतला फरक येथे कळतो.

निवडक उधारी

सरसकट सवलत तोट्याची ठरली, म्हणून उधारीच बंद करावी असे नाही. समजा, दुकानदाराने ठराविक शेतकऱ्यांनाच दिवाळीपर्यंतची मुदत दिली आणि तिला कारण असेल अशी अट घातली. उदाहरणार्थ, ठराविक रकमेच्या वर खरेदी, किंवा गेल्या तीन हंगामांत एकही हप्ता न चुकविलेले खाते. अशा वेळी जुन्या विक्रीपैकी २० लाखांचीच मुदत लांबते आणि नवी विक्री ९ लाखांची मिळते असे धरू. जादा नफा १,२६,००० रुपये. जुन्या २० लाखांवर तीन महिन्यांचे व्याज ६०,००० रुपये, नव्या मालाच्या ७ लाख ७४ हजार खर्चावर चार महिन्यांचे ३०,९६० रुपये. नव्या विक्रीपैकी शेकडा दोन रुपये बुडतील असे धरून १८,००० रुपये. हे सारे वजा जाता १७,०४० रुपये उरतात. मोठ्या प्रमाणावर उधार देऊन तोटा होत होता, तेथे लहान प्रमाणावर दिल्याने थोडा नफा दिसू लागला.

पण हा नफा किती नाजूक आहे, हेही पाहावे. या योजनेत पैसा एक दिवस उशिरा आला तर सुमारे ९२५ रुपये व्याज वाढते. १७,०४० ला ९२५ ने भागले तर साधारण अठरा दिवस येतात. म्हणजे दिवाळीचा वायदा तुळशीच्या लग्नाच्याही थोडा पुढे गेला की सगळा फायदा संपला. हिंगोलीच्या सोयाबीन उत्पादकाला अठरा दिवस थांबायला कारणे पुष्कळ आहेत. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात भाव त्याच्या खाली होते. अशा वेळी भाव वाढण्याची वाट पाहत माल घरात ठेवणे शेतकऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. मात्र त्याने वाट पाहिलेल्या प्रत्येक दिवसाचे व्याज दुकानदार भरतो. कागदावरची मुदत १२० दिवसांची असते; हिशेब मात्र गेल्या हंगामात पैसा प्रत्यक्ष किती दिवसांनी आला, त्यावर करावा लागतो.

हळदीच्या खात्यांची गोष्ट याहून कठीण आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हिंगोली आणि वसमतच्या बाजारांत हळदीची मोठी आवक होते, आणि हळद उत्पादक हा सोयाबीन उत्पादकापेक्षा अधिक खरेदी करणारा, म्हणून दुकानदाराला हवाहवासा वाटणारा ग्राहक असतो. तरीही त्याचा पैसा दहा महिन्यांनी येतो. शंभर रुपयांच्या विक्रीत अडकलेल्या ८६ रुपयांवर दहा महिन्यांचे व्याज ८ रुपये ६० पैसे होते. चौदा रुपयांच्या नफ्यातून ५ रुपये ४० पैसेच उरतात, आणि त्यातूनच बुडीत रक्कम भागवायची असते.

व्याजाचा दर कोणता धरावा?

येथवर बँकेचा १२ टक्के दर धरला. कॅश क्रेडिटची मर्यादा शिल्लक असेल तोवर तो बरोबर आहे. जून-जुलैमध्ये ती मर्यादा संपते, तेव्हा अडकलेल्या पैशाची खरी किंमत वेगळी असते. समजा, घाऊक विक्रेता रोखीने पैसे देणाऱ्यास शेकडा तीन रुपये सूट देतो, अन्यथा ६० दिवसांची मुदत देतो. पैसा उधारीत अडकल्याने दुकानदाराला ही सूट सोडावी लागली, तर ९७ रुपये दोन महिने वापरण्यासाठी त्याने ३ रुपये मोजले. वर्षाच्या हिशेबाने हा दर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास जातो. निवडक उधारीच्या वरच्याच योजनेत १२ ऐवजी १८ टक्के दर धरला तर व्याजाचा खर्च ९०,९६० वरून १,३६,४४० रुपये होतो आणि १,२६,००० रुपयांचा नफा बुडीत रक्कम न धरताच पुसला जातो. स्वतःचे भांडवल आहे, व्याज कोणाला द्यायचे नाही, असे म्हणणाऱ्यालाही हे लागू आहे. तो पैसा हाती असता तर त्याने जी सूट मिळवली असती किंवा जे कर्ज फेडले असते, तोच त्या पैशाचा दर.

काही माल तर उधारीवर देण्याजोगाच नसतो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्याची कमाल किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये युरियाच्या विक्रेत्यांसाठी वितरणाचा नफा टनामागे ३५४ रुपये ठरविला. पोत्यामागे तो सोळा रुपयांच्या आत येतो. पोत्यात अडकलेल्या सुमारे २५० रुपयांवर दरमहा अडीच रुपये व्याज चढते. सहा महिने उधारी राहिली की नफ्यातला एकच रुपया उरतो, आणि हळदीच्या दहा महिन्यांच्या मुदतीत पोत्यामागे नऊ रुपये पदरचे जातात. व्याज किमतीत मिसळावे तर कमाल किमतीपेक्षा जास्त दराने खत विकणे हा खत नियंत्रण आदेशाखाली गुन्हा आहे. म्हणून ज्या मालावर नफा जाड आणि किमतीवर बंधन सैल, त्याच मालाची उधारी परवडू शकते. एकाच ग्राहकाला औषधे उधार आणि युरिया रोख, ही प्रथा काही दुकाने पाळतात ती याच कारणाने.

कोण उधार मागतो?

बुडीत रकमेचा अंदाज बांधताना गेल्या वर्षीचे प्रमाण नव्या ग्राहकांना लावणे धोक्याचे असते. वेळेवर परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज केंद्राच्या व्याज सवलतीमुळे ४ टक्क्यांनी पडते, राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत त्यातलाही बोजा उतरतो. ज्याला हा पैसा मिळतो, तो रोखीने माल घेऊन चार पैसे कमी करून घेऊ शकतो. दिवाळीपर्यंतची उधारी शोधत नवा ग्राहक येतो, तेव्हा बँकेच्या वहीत तो थकबाकीदार असण्याची शक्यता अधिक असते. त्याची गरज खोटी नसते. पण ४ टक्क्यांच्या पैशाने जे काम व्हायचे, ते आता दुकानदाराच्या १२ टक्क्यांच्या पैशाने होत असते, आणि ज्या कारणाने बँक थांबली तोच धोका दुकानदाराच्या वहीत येऊन बसतो.

शिवाय येथे खाती एकेकटी बुडत नाहीत. शहरातल्या किराणा दुकानात एका ग्राहकाची नोकरी गेली तरी इतरांचे पैसे येत राहतात. हिंगोलीत सर्वांचे उत्पन्न एकाच पावसावर आणि एकाच पिकावर अवलंबून असते. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी हिंगोली, परभणी आणि नांदेड भागात अतिवृष्टी झाली. सप्टेंबर २०२५ मध्येही मराठवाड्यावर तेच संकट आले. अशा वर्षी शेकडा दोन रुपये बुडत नाहीत, सगळी वहीच पुढच्या हंगामावर जाते. चार महिन्यांची उधारी सोळा महिन्यांची होते, आणि त्या काळात शेकडा सोळा रुपये व्याज चढून १४ रुपयांचा नफा जवळजवळ पूर्ण बुडतो, जरी अखेरीस ग्राहकाने मुद्दल प्रामाणिकपणे फेडले तरी. म्हणून चांगल्या वर्षाचा हिशेब करून उधारीची मर्यादा ठरवू नये. सर्व उधारी एक वर्ष लांबली तर घाऊक विक्रेत्याचे देणे देता येईल काय, ही कसोटी लावून ती ठरवावी.

वही काय सांगते?

उधारी हाताबाहेर जात आहे हे कळण्याची एक खूण आहे, पण ती चुकीच्या ठिकाणी शोधली जाते. एकूण येणे भागिले रोजची सरासरी विक्री, म्हणजे 'किती दिवसांची विक्री अडकली', हे माप कारखान्यांना ठीक असते. हंगामी धंद्यात ते फसवते. जूनच्या धुमाळीत विक्री फुगलेली असल्याने दिवस कमी दिसतात, नोव्हेंबरमध्ये विक्री मंद असल्याने तेच दिवस अचानक वाढलेले दिसतात. वसुलीत मात्र काहीच बदललेले नसते. त्याऐवजी विक्रीच्या महिन्याप्रमाणे येणे लिहावे. जूनमध्ये २० लाखांचा माल उधार गेला. त्यातले जुलैअखेर किती उरले, सप्टेंबरअखेर किती, नोव्हेंबरअखेर किती, हे एका ओळीत मांडावे आणि गेल्या वर्षीच्या जूनची ओळ तिच्या शेजारी ठेवावी. गेल्या वर्षी नोव्हेंबरअखेर २० लाखांतले ४ लाख बाकी होते आणि यंदा ७ लाख असतील, तर एकूण विक्री कितीही वाढलेली असो, मुदत सैल झाली आहे.

त्याच वहीत आणखी एक गोष्ट पाहावी : जुने येणे फिटण्यापूर्वी नवा माल किती खात्यांवर गेला. जून उजाडल्यावर मागची बाकी तशीच ठेवून नवे बियाणे उधार दिले जाते, तेव्हा ते नवी विक्री म्हणून लिहिले जाते. प्रत्यक्षात ती जुन्या उधारीला दिलेली मुदतवाढ असते. उधारीच्या मालाच्या किमतीचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, हेही विसरून चालत नाही. कोर्टकचेरी कोणालाच नको असते, पण ग्राहकाकडून बाकीच्या रकमेवर दरवर्षी सही घेतलेली असली की ही मुदत नव्याने मोजली जाते आणि वादही कमी होतात.

मृगाच्या आधी, गर्दी नसताना, चार आकडे लिहून ठेवले तरी पुरते : वाढणाऱ्या विक्रीवरचा नफा, तिच्यात अडकणारा माल, जुन्या ग्राहकांच्या लांबणाऱ्या पैशावरचे व्याज, आणि बुडणारी रक्कम. पहिला आकडा उरलेल्या तिघांच्या बेरजेपेक्षा मोठा असेल आणि पैसा महिनाभर उशिरा आला तरी मोठाच राहत असेल, तर उधार द्यावे. तसे नसेल, तर शेजारच्या दुकानासमोरची गर्दी पाहून मन वळू देऊ नये. त्या गर्दीचे व्याज कोणाच्या खात्यावर चढते आहे, ते दिवाळीनंतर कळतेच.